दाट दूध शेवटी का?

एका नारळातून दोन दुधं निघतात आणि स्वयंपाकात ती एकमेकांच्या जागी चालत नाहीत. खोवलेलं खोबरं पहिल्यांदा पिळून येतं ते दाट दूध. त्याच चोथ्यात पाणी घालून पुन्हा पिळून येतं ते पातळ. मालवण-वेंगुर्ल्याकडे नि गोव्यात याला रस म्हणतात. तिथल्या स्वयंपाकघरात दोन्ही रस वेगवेगळ्या भांड्यांत ठेवलेले असतात, कारण कालवणात त्यांची पाळी वेगवेगळी येते. पातळात जिन्नस शिजतो आणि दाट अगदी शेवटी पडतं. हे पुष्कळांना ठाऊक असतं, पण त्यामागचं कारण ठाऊक नसल्यामुळे ऐन वेळी चूक होते. दाट दूध घातल्यावर सवयीने वर झाकण ठेवलं जातं, गॅस मोठा राहतो आणि दोन मिनिटांत मऊ पिवळ्या रश्श्याच्या जागी पांढरे कण आणि तेलाचे डोळे तरंगू लागतात. कालवण फाटतं.

फाटणं टाळायचं तर सुरुवात नारळापासून करावी लागते. दूध देणारा नारळ पुरता तयार झालेला हवा, म्हणजे झाडावर अकरा-बारा महिने राहिलेला. हातात घेतला की आकाराच्या मानाने जड लागावा, हलवला की आत पाणी खळखळावं, डोळे कोरडे असावेत आणि त्यांच्याभोवती बुरशी नसावी. आडसर नारळाचं खोबरं मऊ आणि गोड असतं. चटणीला ते छान, पण त्यात तेल अजून पुरतं भरलेलं नसतं, म्हणून दूध पाणचट येतं. उलट पाणी आटून खोबरं करवंटीपासून सुटू लागलं असेल तर ते सुक्या खोबऱ्याच्या वाटेला लागलेलं असतं. त्याचं दूध निघतं कमी आणि वासाला जड. फोडलेल्या नारळाचं पाणी आधी चाखून बघा. ते आंबूस किंवा साबणासारखं लागलं तर त्या नारळाचं दूध काढूच नये. पाण्यातला बिघाड दुधात उतरतो आणि गरम केल्यावर अधिकच जाणवतो.

तयार नारळाच्या ओल्या खोबऱ्यात वजनाने साधारण निम्मं पाणी, एक तृतीयांश तेल आणि तीन-चार टक्के प्रथिनं असतात. बाकी तंतू आणि थोडी साखर. तेल मोकळं नसतं. ते खोबऱ्याच्या बारीक पेशींमध्ये कोंडलेलं असतं आणि पेशीची भिंत तुटल्याशिवाय बाहेर येत नाही. म्हणून खवणं बारीक हवं. विळीच्या खवणीवर वाटी हलक्या हाताने फिरवली की खोबऱ्याचा मऊ, ओलसर कीस पडतो. जोर लावून ओरबाडलं की जाड फाका पडतात आणि त्यांच्या पोटातलं तेल तसंच राहतं. वाटीच्या अगदी तळाशीही जाऊ नये. करवंटीला चिकटलेली तपकिरी पाठ किसात आली की दूध करडं होतं आणि जिभेवर किंचित तुरट लागतं. लाल वाटणाच्या कालवणात हे कळणार नाही, पण पिवळ्या किंवा पांढऱ्या रश्श्यात लगेच दिसतं.

नारळाचं तेल साधारण २४ ते २५ अंश सेल्सियसच्या खाली गोठतं. कोकणात वर्षाचा बहुतेक काळ ते पातळ असतं, पुण्या-नाशिकच्या थंडीत बाटलीत घट्ट होतं. खोबऱ्याच्या आतही हेच होतं. फ्रीजमधून काढलेलं गार खोबरं तसंच पिळलं तर गोठलेलं तेल पेशींत अडकून राहतं आणि पाणीच बाहेर येतं. म्हणून दूध काढायला कोमट पाणी घेतात. हात बुडवला तर सोसेल पण सुखावह वाटणार नाही, इतपत गरम. याहून तापवण्यात फायदा नाही. उकळतं पाणी ओतलं तर खोबऱ्यातली काही प्रथिनं तिथेच शिजून गोळा होतात, आणि दूध एकजीव राहायला पुढे तीच लागणार असतात.

मध्यम आकाराच्या नारळाचा कीस भरतो साधारण अडीचशे-तीनशे ग्रॅम, घरातल्या मापाने सुमारे तीन वाट्या. मिक्सरमध्ये तो आधी पाण्याशिवाय थांबत थांबत फिरवावा, म्हणजे कीस अधिक बारीक होतो. मग अर्धी वाटी कोमट पाणी घालून पुन्हा जेमतेम अर्धा मिनिट. ओल्या करून घट्ट पिळलेल्या पातळ सुती पंच्यात तो काढावा, पंचा गोळा करून पिरगळावा आणि शेवटचे थेंब बंद होईपर्यंत दाबावा. पाऊण ते एक वाटी दाट दूध येतं. ते चमच्याच्या पाठीवर थर धरतं आणि बोटांना मेणचट लागतं. गाळणीवर चमच्याने दाबूनही दूध निघतं, पण हाताच्या पिळणीची ताकद त्यात नसते आणि पाव वाटीचा फरक सहज पडतो. चोथा परत मिक्सरमध्ये घालून दीड वाटी कोमट पाण्यात एक मिनिट फिरवला की दुसऱ्या पिळणीत तेवढंच पातळ दूध मिळतं. तिसरी पिळणी काही घरांत करतात. तिचं पाणी भात किंवा डाळ शिजवायला ठीक, कालवणाला त्यातून काही मिळत नाही.

मिक्सर फार वेळ चालवण्याचा मोह टाळावा, विशेषतः थंडीत. गार खोबरं जास्त घुसळलं की तेलाचे थेंब एकमेकांना चिकटून लोण्यासारखे कण भांड्याच्या कडेला दिसू लागतात. ते गाळून निघत नाहीत, आणि कालवणात पडले की लगेच तेल होऊन वर येतात.

पिळलेलं दाट दूध काचेच्या भांड्यात थोडा वेळ ठेवून द्या. वर दाट साय जमेल आणि खाली धुरकट पाणी उरेल. दूध नासलेलं नाही, चमच्याने ढवळलं की पुन्हा एक होतं. पण ते मुळात एकजीव नसतं, हे इथे डोळ्यांना दिसतं. नारळाचं दूध म्हणजे पाण्यात विखुरलेले तेलाचे असंख्य बारीक थेंब. थेंबांवर प्रथिनांचा पातळ पापुद्रा असतो आणि तो त्यांना एकमेकांत मिसळू देत नाही. तेलाच्या मानाने ही प्रथिनं फार थोडी असतात, त्यामुळे पापुद्रा नाजूक असतो. गाईचं दूध उकळूनही फाटत नाही, कारण त्यातली बहुतेक प्रथिनं उष्णतेने गोळा होणाऱ्या जातीची नाहीत. नारळाची मात्र ८० अंशांच्या आसपास आकसून एकमेकांना धरू लागतात, अंड्याचा पांढरा बलक शिजताना घट्ट होतो तशी. पापुद्रा आकसला की थेंब उघडे पडतात, एकमेकांत मिसळतात आणि तेल वर येतं. प्रथिनांच्या गाठी पांढऱ्या कणांच्या रूपाने रश्श्यात राहतात. पाणी उकळतं १०० अंशांना. म्हणजे खळखळ उकळी येईतो दाट दुधाची मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते.

आंबट घातलं की मर्यादा आणखी खाली येते. ताजं नारळाचं दूध जवळजवळ आंबट नसतं. कोकम, चिंच, टोमॅटो किंवा व्हिनेगरने आंबटपणा वाढला की प्रथिनं एकमेकांना दूर ठेवेनाशी होतात आणि कमी उष्णतेतही गोळा होतात. सोलकढी म्हणूनच चुलीवर ठेवत नाहीत. कोकमाच्या आगळात नारळाचं दूध गारच मिसळतात आणि लगेच वाढतात. ती तापवायला घ्या, उकळीच्या कितीतरी आधी गुलाबी पाण्यात पांढरा भुसा वेगळा होईल.

फाटलेलं कालवण खायला बाधत नाही. पण त्यातला मऊपणा जातो, आणि जातो त्याहून मोलाचा वास. ताज्या नारळाचा गोडसर वास लॅक्टोन जातीच्या काही द्रव्यांमुळे येतो. दूध बराच वेळ उकळत ठेवलं की तो ताजा वास वाफेबरोबर विरत जातो आणि मागे उरतो शिजलेल्या खोबऱ्याचा जड, तेलकट वास. दाट दूध शेवटी घालण्याचं अर्धं कारण फाटण्याचं आहे, अर्धं या वासाचं. हे दूध शिजायला घालायचंच नसतं. शिजलेल्या पदार्थात ते मिसळायचं, पुरतं गरम होऊ द्यायचं आणि थांबायचं.

पातळ दुधाचं काम वेगळं. त्यात तेल आणि प्रथिनं दोन्ही थोडी. ते उकळलं तरी गाठी धरण्यासारखं फारसं काही नसतं, आणि सुटलेला थोडा तवंग रश्श्यात हरवून जातो. पण निव्वळ पाण्यापेक्षा ते कितीतरी बरं. हळदीचा रंग आणि मिरचीचा तिखटपणा पाण्यापेक्षा तेलात चांगले उतरतात. पातळ दुधात तेवढं तेल असतं, म्हणून त्यात शिजलेल्या बटाट्याला किंवा शेंगेला आतपर्यंत चव लागते.

आता हे एका कालवणात पाहू. कोळंबी आणि शेवग्याच्या शेंगांचं पिवळं कालवण निवडलं आहे, कारण त्यात वेगवेगळ्या वेळा लागणारे जिन्नस आहेत आणि आंबटही आहे. चार माणसांना एक नारळ पुरतो. त्याचं वर सांगितल्याप्रमाणे पाऊण ते एक वाटी दाट आणि दीड वाटी पातळ दूध काढून ठेवावं. पाव किलो मध्यम कोळंबी सोलून, पाठीवरचा काळा दोरा काढून, मीठ-हळद लावून बाजूला ठेवावी. दोन शेंगांचे बोटभर तुकडे, बारीक चिरलेला एक लहान कांदा, चमचाभर आलं-लसूण, मधोमध चिरलेल्या तीन हिरव्या मिरच्या, अर्धा चमचा हळद, एक चमचा धण्याची पूड, अर्धा चमचा जिऱ्याची पूड, चार आमसुलं.

पातळ दूध गार असतानाच त्यात चमचाभर तांदळाची पिठी कालवून घ्यावी. कोकणात हे जुनं शहाणपण आहे. पिठी शिजून फुलली की रस्सा किंचित घट्ट होतो आणि तेलाचे थेंब एकमेकांपर्यंत सहजी पोचत नाहीत. पुढे येणाऱ्या दाट दुधाला हा आधार मिळतो. कालवणात आंबट पडणार असेल तर पिठी विसरू नये. चमचाभर मात्र पुरे, जास्त झाली की पिठल्याचा पोत येतो.

मोठा चमचाभर खोबरेल तापवून कांदा मऊ करावा. लाल होऊ देऊ नये, रश्श्याचा रंग बिघडतो. आलं-लसूण, मिरच्या, हळद आणि पुडी घालून मिनिटभर परतावं. मग पातळ दूध, मिक्सरचं भांडं धुतलेलं अर्धी वाटी पाणी, चवीपुरतं मीठ आणि शेंगा. आता उकळी हवीच आहे. झाकण ठेवून दहा-बारा मिनिटं शिजू द्यावं. शेंग बोटांत दाबली की गर सुटला पाहिजे. इथे पुरती शिजवून घ्या. दाट दूध पडल्यावर अर्धवट राहिलेला जिन्नस शिजवायला उसंत मिळत नाही, आणि फाटलेल्या पुष्कळ कालवणांचं खरं कारण तेच असतं. बटाटा कच्चा निघतो, म्हणून दूध घातलेलं पातेलं पुन्हा उकळीला लावलं जातं.

शेंगा झाल्या की आमसुलं घालावीत आणि दोन मिनिटं उकळू द्यावीत. आंबटपणा संपूर्ण रश्श्यात पसरलेला बरा. दाट दुधाबरोबर किंवा नंतर आमसूल टाकलं तर त्याच्याभोवतीचा रस्सा फार आंबट होतो आणि तिथेच गाठी धरतो. यानंतर कोळंबी. तिला तीन मिनिटं पुष्कळ. पारदर्शक राखाडी रंग जाऊन ती गुलाबी-पांढरी होते आणि अर्धचंद्रासारखी वळते. टोकाला टोक लागून कडं झालं म्हणजे जास्त शिजली, आणि चावताना रबरासारखी लागते.

कोळंबी वळू लागली की गॅस बंद करा. दाट दूध उकळत्या रश्श्यात ओतायचं नाही. उकळी पुरती निवू द्यावी, मिनिटभर लागतं. तेवढ्यात दाट दुधाच्या वाटीत दोन पळ्या गरम रस्सा घालून ढवळावं, म्हणजे दूध कोमटाचं गरम होतं आणि पातेल्यात पडल्यावर एकदम तडाखा बसत नाही. फ्रीजमध्ये ठेवलेलं दूध असेल तर हे अधिकच जरूर. त्याची वरची साय घट्ट झालेली असते. वाटी कोमट पाण्यात ठेवून ती विरघळवावी, मगच दूध वापरावं. वाटीतलं दूध बारीक धारेने पातेल्यात सोडत दुसऱ्या हाताने ढवळत राहावं. ढवळताना एकाच दिशेने पळी फिरवावी असं सांगतात. दिशेने काही बिघडत नाही, तळ स्थिर राहिला की मात्र बिघडतं, कारण आधी तापतो तो तळच.

मग मंदात मंद आच आणि झाकण नाही. झाकणाखाली वाफ कोंडते आणि पातेलं आपल्या नकळत उकळीला येतं. दीड-दोन मिनिटांत रश्श्यातून वाफा येऊ लागतात आणि कडेला बारीक बुडबुड्यांची रांग दिसते. ही खूण दिसली की थांबायचं. मधोमध बुडबुडा फुटण्याची वाट बघायची नाही. मातीच्या भांड्यात आणखी सावध राहावं लागतं. मडकं चुलीवरून उतरवल्यावरही काही मिनिटं आतला रस्सा उकळत राहतो, म्हणून त्यात कालवण निवेपर्यंत थांबून दूध घालावं आणि परत आचेवर चढवूच नये. मडक्याची ऊब पुरते.

बिघाड होऊ लागला तर तो आधी कडेला दिसतो. रवाळ पांढरे कण, मग रश्श्यावर पिवळ्या तेलाची बारीक वर्तुळं, मग पळी उचलली की तिच्यावरून पाण्यासारखा ओघळणारा रस्सा. कण दिसताच भांडं आचेवरून उतरवावं, चमचाभर पिठी दोन चमचे गार पाण्यात कालवून घालावी आणि जोरात ढवळावं. रस्सा नुसता असेल तर शेंगा-कोळंबी बाजूला काढून मिक्सरमध्ये एक फेरा द्यावा. दिसायला तो बराच सावरतो. गेलेला वास परत येत नाही.

इथे एक शंका रास्त आहे. मालवणी मटण किंवा काळ्या वाटाण्याचं सांबारं तासभर रटरटतं, त्यातही खोबरं असतं, मग ते का फाटत नाही? कारण तिथे वाटप असतं. खोबरं भाजून, चोथ्यासकट बारीक वाटून घातलेलं असतं. तंतू आणि कांदा-मसाल्याचा लगदा रश्श्याला धरून ठेवतो, आणि वर आलेली तेलाची तरी तिथे हवीशीच असते. चोथा गाळून टाकला की तो आधार गेला. रसाचं कालवण नाजूक होतं ते यामुळे.

आणि तेल सुटणं सगळीकडे दोष मानला जात नाही. थायलंडमध्ये हिरव्या रश्श्याची सुरुवातच दाट दुधाने होते. ते कढईत मुद्दाम उकळून फाडतात, सुटलेल्या तेलात मसाल्याचं वाटण परततात आणि पातळ दूध मागून घालतात. आपल्या क्रमाच्या अगदी उलटा हा क्रम आहे, कारण तिथे दाट दुधाकडून फोडणीच्या तेलाचं काम घ्यायचं असतं. सुमात्रा बेटावरच्या मिनांगकाबाऊ लोकांच्या रेंदांगमध्ये मांस नारळाच्या दुधात काही तास आटवतात. आधी ते दुधात शिजतं, मग पाणी उडून गेल्यावर त्याच दुधाच्या तेलात परतलं जातं. केरळात दूध असंच आटवत नेऊन उरुक्कु वेळिच्चेण्ण हे तेल काढतात, लहान बाळांना चोळायला. दूध फाटण्याचीच क्रिया तिथे शेवटपर्यंत नेलेली असते.

गोडात मात्र आपल्याकडचाच क्रम चालतो. गोव्याच्या मणगण्यात चण्याची डाळ आणि साबुदाणा पातळ रसात शिजतात, गूळ विरघळतो आणि दाट रस उतरवताना पडतो. गूळही किंचित आंबट असतो, त्यामुळे घाई इथेही महाग पडते. शिरवाळ्यांबरोबरचा गुळाचा रस तर आचेवर चढवतच नाहीत, त्यामुळे नारळाची मूळ चव तिथे सगळ्यांत स्वच्छ मिळते.

डब्यातलं किंवा खोक्यातलं दूध वापरायचं असेल तर वेष्टनावरचे घटक वाचावेत. पुष्कळदा त्यात ग्वार गम किंवा दुसरं एखादं द्रव्य असतं. ते तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवतं, त्यामुळे दूध उकळी बऱ्यापैकी सोसतं, पण घरच्या दुधाचा ताजा वास त्यात नसतो. पातळ दूध हवं तर त्यातलंच एक वाटी घेऊन दोन वाट्या पाणी मिसळावं. नारळाच्या दुधाच्या पुडीत अनेकदा गाईच्या दुधाचं केसिन असतं. दुधाची ॲलर्जी असलेल्या माणसासाठी रांधताना हे पाहून घ्यावंच.

घरचं दूध उन्हाळ्यात बाहेर दोन-तीन तासांहून जास्त ठेवू नये. ते आधी चवीला किंचित साबणासारखं लागतं, मग आंबतं, आणि आंबू लागलेलं दूध मंद आचेवरही फाटतं. कालवण उरलं तर ते जाड बुडाच्या भांड्यात, दोन चमचे पाणी घालून, ढवळत ढवळत जेवणापुरतंच गरम करावं. मायक्रोवेव्हमध्ये कडा उकळतात तेव्हा मधला भाग गारच असतो, म्हणून त्यात तापवायचं तर आच निम्मी ठेवून दर अर्ध्या मिनिटाला बाहेर काढून ढवळावं लागतं.